भुसावळची फलाटावरची मुलं आणि तुरुंगातून सुटलेली माणसं: नमुना कसा निवडावा?

दोन्ही गटांची वापरता येईल अशी यादी हाती नसते, म्हणून चिठ्ठ्या टाकून नावं काढता येत नाहीत. उरतात दोन वाटा: एकाच्या ओळखीतून दुसऱ्यापर्यंत पोचणारी कूपन-साखळी, किंवा ठराविक जागी ठराविक वेळी जाऊन भेटायचं ते स्थळ-वेळ.

स्थळ-वेळमध्ये आधी जागा लिहून काढायच्या: भुसावळ जंक्शन, बसस्थानक, आठवडे बाजार, भंगारची दुकानं. प्रत्येक जागेचे चार-चार तासांचे तुकडे पाडून त्यांतून चिठ्ठ्या काढायच्या. रात्रीचे तुकडे वगळले, तर फलाटावर झोपणारी मुलंच निसटतात. निवडलेल्या वेळी दर तिसऱ्या मुलाशी बोलायचं आणि विचारायचं, 'गेल्या आठवड्यात इथे किती दिवस आलास?' रोज येणारा सापडायची शक्यता एकदाच येणाऱ्याच्या सातपट, म्हणून हिशेबात त्याच्या उत्तराचं वजन एक सप्तमांश धरायचं. मेहनत आणि खर्च इथे जास्त. घरकामाला जुंपलेल्या मुली मात्र यात दिसतच नाहीत.

कूपन-साखळी स्वस्त. चार-पाच वेगवेगळ्या ओळखींची माणसं घेऊन प्रत्येकाला ओळखीच्यांना वाटायला तीनच कूपनं द्यायची, कूपन घेऊन येणाऱ्यालाही पुढे तीनच; नाहीतर एकाच टोळक्याने नमुना भरतो. ज्याच्या ओळखी वीस, तो चार ओळखीवाल्यापेक्षा पाचपट सहज सापडतो. म्हणून त्याचं वजन एक पंचमांश. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतरही सगळे एकाच गल्लीतले येत असतील, तर साखळी अडकली असं समजा आणि नवी सुरुवात शोधा. मुलांत मोठी पोरं धाकट्यांची कूपनं हिसकावतात, हा धोका मला फार मोठा वाटतो.

म्हणून मुलांसाठी स्थळ-वेळ. सुटलेले कैदी ओळख लपवतात, एका जागी जमत नाहीत, पण एकमेकांना ओळखत असतील तर त्यांच्यासाठी साखळी.