स्वस्त दंत दवाखाना: सगळेच उपचार की मोजकेच?

दातांच्या बजेट दवाखान्याचा स्ट्रॅटेजी कॅनव्हास, म्हणजे कोणत्या गोष्टीवर किती भर द्यायचा याचा आलेख, काढायला बसलं की दोन रेघा समोर येतात. पहिली: इम्प्लांट, तारा, सगळं ठेवायचं, फक्त दर उतरवायचे. ही रेघ शेजारच्या दवाखान्यासारखीच, जरा खाली सरकलेली. त्यानेही दर पाडले की संपलं.

दुसरी रेघ चार रकान्यांतून येते: काढा, कमी करा, वाढवा, नवं आणा. इम्प्लांट आणि तारा काढूनच टाकायच्या, ते पेशंट दुसरीकडे पाठवायचे. मोठ्या बिलाची कामं हातची जातात, हे खरं. वेटिंग रूमचा थाट कमी. वाढवायची ती संध्याकाळची वेळ, कारण रोजंदारीवरचा माणूस दुपारी येत नाही. आणि नवं काय? एकच लेखी आकडा. रूट कॅनॉलचा दर ऐकून आलेल्या बाईंना शेवटी कळतं की कॅपचे पैसे वेगळे. मग कॅप राहून जाते आणि पोकळ झालेली दाढ कधीतरी सुपारीवर तुटते. म्हणून एक्स-रे, रूट कॅनॉल, कॅप मिळून एकच रक्कम, हप्त्यांनी.

मला दुसरी पटते. फक्त उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह ‘कमी करा’च्या रकान्यात जाता कामा नये. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं लागतातच. गर्दी असेल तर ड्रिलचे हँडपीस जास्तीचे घ्यावेत.