एकेक Forget करायचं की सगळं Reset मारायचं?

आमच्याकडे रोजचं झालेलं, मी किचनमध्ये इअरबड्स कानात घालते आणि फोन जाऊन चिकटतो हॉलमधल्या स्पीकरला, परवा तर बहिणीचा कॉल अख्ख्या घराने ऐकला. फोनची ब्लूटूथ पेअर लिस्ट उघडली तर चौदा नावं, त्यातली दोन जुन्या इअरबड्सची, एक भाड्याच्या गाडीचं.

एकेक काढायचं तर अँड्रॉइडच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नावापुढच्या चक्राला टॅप करून Forget, काही फोनवर Unpair लिहिलेलं असतं. वेळ लागतो पण घड्याळ, गाडी जागेवर राहतात. एकसारखी नावं असली की कोणतं काढायचं कळत नाही, मग हातातलं डिव्हाइस चालू करा, ज्याच्याखाली कनेक्टेड दिसेल ते ठेवायचं.

दुसरा रस्ता सेटिंगमधलं Reset Bluetooth & Wi-Fi. एका झटक्यात लिस्ट साफ, पण वायफायचे सगळे सेव्ह पासवर्डही जातात आणि घड्याळ परत जोडत बसा, म्हणून मी तरी हे फक्त Forget करूनही नाव परत येत असेल किंवा पेअरिंगच अडकत असेल तेव्हाच करते.

आणि एक, स्पीकर नेहमी लागतो पण आपणहून जोडला जायला नको असेल तर यातलं काहीच नको, त्याच चक्रात मीडिया आणि कॉलचं बटण बंद करा. Forget केलेला स्पीकर परत हवा झाला तर नुसता चालू करून बहुतेकदा भागत नाही, लाइट लुकलुकेपर्यंत त्याचं ब्लूटूथचं बटण दाबून धरावं लागतं.