‘सर्चमधे पहिला नंबर गॅरंटी’वाल्याने आमच्या चॅनलचं काय केलं

लालबागला बाबांचं शिलाई मशीन रिपेअरिंगचं दुकान आहे आणि त्यांचं काम मी शूट करून यूट्यूबवर टाकते. चॅनल छोटंच आहे, पण बाबा जे दाखवतात ते खरं कामाचं असतं. एक दिवस एका माणसाचा मेसेज आला, मॅडम तुमचा कंटेंट भारी आहे पण एसईओ झिरो आहे, म्हणजे सर्चमधे व्हिडिओ वर यावा अशी मांडणीच नाही, सोबत आमच्याच व्हिडिओचा स्क्रीनशॉट आणि त्यावर लाल आकड्यात स्कोअर. तो स्कोअर यूट्यूबचा नसतो हे आधी सगळ्यांनी लक्षात घ्या. ब्राउझरमधे टाकायची जी टूल्स मिळतात त्यांचा तो स्वतःचा हिशोब असतो, यूट्यूबला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पण बघणाऱ्याला वाटतं यूट्यूबनेच नापास केलंय, आणि यांचा धंदा त्यावरच चालतो.

दहा व्हिडिओंचं टायटल, डिस्क्रिप्शन आणि पिन कमेंट मिळून साडेसहा हजार ठरले, युपीआयने दिले, त्याने मॅनेजरचा ऍक्सेस मागितला तोही दिला. थोड्याच दिवसांत स्क्रीनशॉट आला, मॅडम बघा, सर्चमधे नंबर वन. आणि खरंच आमचा व्हिडिओ सगळ्यात वर.

आता हा स्क्रीनशॉट नीट बघायचा असतो. सर्चच्या पट्टीत त्याने टाईप केलं होतं आमचं अख्खं टायटल आणि पुढे चॅनलचं नाव. असं टाकल्यावर कुठलाही व्हिडिओ वर येणारच, कारण ते शब्द त्याच ओळीत दुसऱ्या कोणाकडे नसतात. पण ज्या बाईचं मशीन घरी अडलंय तिला आमच्या चॅनलचं नाव कुठून माहीत असणार, ती तिची तक्रार टाईप करते. दुसरी गोष्ट, आपण आपल्या फोनवर शोधून बघतो तेव्हा आपण आधी काय पाहिलंय त्याचाही रिझल्टवर परिणाम होतो, म्हणून तपासायचं तर लॉगिन नसलेल्या इन्कॉग्निटो खिडकीत तपासायचं. तसं केल्यावर ‘शिलाई मशीन धागा गुंता’ या सर्चला आमचा व्हिडिओ बराच वेळ स्क्रोल करूनही सापडला नाही.

त्याने नेमकं काय केलं होतं ते एका व्हिडिओवर सांगते. व्हिडिओ साधा होता, शिवताना कापडाच्या खाली धाग्याचा गोळा होतो त्यावर बाबांनी उपाय दाखवला होता. बहुतेकांना वाटतं बॉबिन खराब झाली, पण जास्त करून वरचा धागा टेन्शनच्या चकत्यांमधे बसलेला नसतो, कारण ओवताना प्रेशर फूट खाली असतो आणि चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. फूट वर उचलून धागा परत ओवला की काम होतं. एवढाच विषय.

त्या व्हिडिओला त्याने दिलेलं टायटल होतं ‘शिलाई मशीन रिपेअर | सिलाई मशीन | ब्लाउज कटिंग | टेलरिंग कोर्स | व्हायरल’. धागा हा शब्दच नाही! आणि ब्लाउज कटिंग व्हिडिओत कुठेच नाही. ब्लाउज शिकायला आलेली बाई बाबांचे तेलकट हात आणि उघडं मशीन बघून काही सेकंदात निघून जाते, आणि सर्चमधे यूट्यूब फक्त शब्द जुळतात का एवढंच बघत नाही, त्या शब्दाने आलेले लोक व्हिडिओ बघत थांबतात का तेही बघतं. म्हणजे चुकीचा शब्द घालून मिळालेला व्ह्यू उलट नुकसानच करतो.

डिस्क्रिप्शनमधे तर वाक्यच नव्हतं, नुसता शब्दांचा ढीग, त्यात मोठ्या टेलरिंग चॅनलांची नावंसुद्धा. हे यूट्यूबच्या नियमात बसत नाही, डिस्क्रिप्शनमधे असे टॅग कोंबणं स्पॅममधे धरतात. आमच्या दुसऱ्या एका व्हिडिओला तसंच केलं होतं, तो यूट्यूबने काढून टाकला आणि चॅनलला वॉर्निंग आली. त्यानंतर परत झालं तर स्ट्राइक, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनलच जातं. बाबांची इतकी मेहनत त्यात आहे, मेल वाचून हात थरथरत होते माझे.

आणि पिन कमेंट. व्हिडिओला एकच कमेंट पिन करता येते, ती जागा त्याने आमच्याच चॅनलच्या नावाने स्वतःच्या जाहिरातीला वापरली, चॅनल वाढवायचंय का म्हणून खाली त्याची लिंक. आमच्या प्रेक्षकांना वाटणार बाबाच याची शिफारस करतायत. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

त्याला आधी ऍक्सेसमधून काढलं, स्टुडिओच्या सेटिंगमधे परवानग्यांची यादी असते तिथून, आणि मग उरलेले व्हिडिओ मी आणि बाबा बसून नीट केले. धाग्याच्या व्हिडिओचं टायटल आता आहे ‘शिलाई मशीनमध्ये खाली धाग्याचा गुंता होतो? वरचा धागा असा ओवा’. मर्यादा शंभर अक्षरांची आहे पण फोनवर लांब टायटल मधेच कापलं जातं म्हणून तक्रार आधी, उपाय नंतर. डिस्क्रिप्शन उघडायच्या आधी वरच्या दोनेक ओळीच दिसतात, तिथे गुंता कशामुळे होतो आणि कुठल्या मशीनवर दाखवलंय ते सरळ वाक्यात लिहिलं. खाली वेळा दिल्या, पहिली 00:00 पासून, कमीत कमी तीन लागतात आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांचा तरी हवा, तरच चॅप्टर होतात. आपल्याकडे बरेच जण मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप करतात म्हणून `shilai machine dhaga gunta` हे शब्दही एकाच वाक्यात एकदाच घातले. टॅगवर वेळ घालवला नाही, यूट्यूब स्वतःच सांगतं की टॅगचा उपयोग फार थोडा, मुख्यतः ज्या शब्दाचं स्पेलिंग लोक चुकवतात त्यासाठी.

पिन कमेंटने सर्चमधे व्हिडिओ वर जातो असं मला तरी कुठे दिसलं नाही. आम्ही तिथे विचारलं, फूट वर करून ओवल्यावरही गुंता होतोय का, होत असेल तर मशीन कुठलं आणि कापड कुठलं ते लिहा. एका ताईंनी लिहिलं ‘जीन्सवर टाके सुटतात’. पुढच्या व्हिडिओचं टायटल तिथेच मिळालं, लोकांच्याच शब्दात.

फरक पडला की नाही हे स्टुडिओच्या ऍनालिटिक्समधे कळतं. ट्रॅफिक सोर्समधे यूट्यूब सर्च उघडलं की लोकांनी नक्की काय टाईप करून व्हिडिओ गाठला त्याची यादी येते. तो माणूस काम करत होता तेव्हा एकूण व्ह्यू वाढलेले दिसत होते, पण ते एक्सटर्नल या सोर्समधून, म्हणजे यूट्यूबच्या बाहेरच्या लिंकवरून, आणि सरासरी बघण्याचा वेळ काही सेकंदांचा. सर्चची ओळ होती तिथेच होती. आता त्या यादीत धागा, गुंता, ओवणे हे शब्द येतायत, आकडे लहान आहेत पण ती माणसं व्हिडिओ बघत थांबतात.

कोणी असं काम करून देतो म्हणाला तर त्याने आधी केलेल्या एखाद्या चॅनलची हीच यादी मागा, कामाच्या आधीची आणि नंतरची, आणि नुसता स्क्रीनशॉट नको, स्टुडिओ समोर उघडून दाखवायला सांगा. मी नंतर मागितली तेव्हा याने आधी क्लायंटची प्रायव्हसी सांगितली आणि मग नंबर ब्लॉक केला. पैसे परत आलेले नाहीत. 1930 वर फोन करून आणि cybercrime.gov.in वर तक्रार केली आहे, सोबत युपीआयची पावती, चॅट आणि पिन कमेंटचा फोटो जोडलाय. ती कमेंट डिलीट करायच्या आधी फोटो काढून ठेवला होता म्हणून तेवढा पुरावा तरी हातात आहे.