सराव मुलाखतीचे गुण: ॲपने काढावेत की हाताने?

सराव मुलाखतीचे ध्वनिचित्रमुद्रण हाती आले की उत्तराची लांबी, बोलण्यातील विराम आणि नजर या तिन्हींचे गुण कसे काढावेत, हा प्रश्न उमेदवारांची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी येतो. माझ्यापुढे दोन पर्याय होते. चित्रफीत चढवली की काही मिनिटांत आकडे दाखवणारे तयार ॲप हा पहिला, आणि भाषा-अभ्यासक वापरतात त्या ‘एलान’सारख्या मोफत प्रणालीत चित्रफीत पाहत स्वतः खुणा लावण्याची पद्धत हा दुसरा. दोन्ही मी बराच काळ वापरले आहेत. माझा कल कोणीकडे आहे ते पुढे दिसेलच. मात्र ज्यांच्याकडे उमेदवार अधिक आणि वेळ कमी आहे, त्यांचा निर्णय वेगळा होऊ शकतो, हेही मला मान्य आहे.

उत्तराच्या लांबीबाबत दोन्हींत फारसा फरक नाही. ॲप प्रश्नकर्त्याचा आणि उमेदवाराचा आवाज बहुधा नीट वेगळा करते, आणि चुकले तरी ती चूक लगेच लक्षात येते. खबरदारी घ्यायची ती सरासरीची. एका उमेदवार मुलीच्या अठरा मिनिटांच्या मुद्रणात आठ उत्तरे होती आणि ॲपने सरासरी ९६ सेकंद दाखवून ‘योग्य’ असा शेरा दिला होता. प्रत्यक्षात ती उत्तरे अनुक्रमे २२, ६४, ७८, ९५, १९०, ११०, १३२ आणि ७७ सेकंदांची होती. स्वतःची ओळख बावीस सेकंदांत उरकली गेली आणि आधीच्या कामातील अडचणीवरचे उत्तर तीन मिनिटांच्या पुढे गेले. सरासरीने या दोन्ही गोष्टी एकमेकींखाली झाकल्या. प्रत्येक उत्तराचा आकडा स्वतंत्र दाखवणारे ॲप असेल, तर ही तक्रार उरत नाही.

विरामांच्या बाबतीत फरक अधिक आहे. ॲप आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की तिला शांतता समजते. किती वेळ टिकलेली शांतता विराम मानायची ती मर्यादा फार थोड्या वेळाची ठेवली, तर ‘नक्की’, ‘पक्का’ अशा शब्दांतील जोडाक्षरापूर्वीचा क्षणभराचा अडथळाही विराम म्हणून मोजला जातो. म्हणून पाव सेकंदापेक्षा लहान शांतता मी मोजतच नाही. याउलट ‘अंऽऽ’ हा लांबलेला हुंकार ॲपच्या दृष्टीने बोलणेच असते, कारण त्यात आवाज आहे. मुलाखत घेणाऱ्याच्या कानाला मात्र तोच सर्वांत जास्त खटकतो.

याहून महत्त्वाचे आहे ते विरामाचे स्थान. प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू होण्याआधीचे तीन सेकंद विचारीपणाचे वाटतात. ‘ग्राहकाच्या’ आणि ‘तक्रारीचं’ या दोन शब्दांच्या मध्ये पडलेला एक सेकंद मात्र वाक्य तुटल्याची जाणीव करून देतो. एलानमध्ये मी विरामांसाठी एकच ओळ ठेवतो आणि तिच्यात चारच खुणा वापरतो: ‘आधी’, ‘वाक्याअखेर’, ‘मध्येच’ आणि ‘हुंकार’. वर उल्लेखिलेल्या मुलीच्या बाबतीत ॲपने सतरा लांब विराम दाखवले होते. त्यांतील अकरा ‘आधी’चे किंवा ‘वाक्याअखेर’चे, म्हणजे निरुपद्रवी होते; उरलेले सहा ‘मध्येच’ पडलेले, आणि त्या सहांपैकी चार एकाच उत्तरात, त्या १९० सेकंदांच्या पाचव्या उत्तरात.

येथे एक आडवळणाची सूचना. मुलाखत दूरस्थ असेल आणि मुद्रण प्रश्नकर्त्याच्या संगणकावर झाले असेल, तर आवाजाच्या जाण्या-येण्याला लागणारा वेळ प्रत्येक ‘आधी’च्या विरामात मिसळतो आणि चटकन उत्तर देणारा उमेदवारही अडखळल्यासारखा दिसतो. मुद्रण शक्यतो उमेदवाराच्या बाजूला करावे. एलानला ध्वनिलहर दाखवण्यासाठी स्वतंत्र डब्ल्यूएव्ही फाइल लागते; ती ffmpeg प्रणालीच्या पुढील आज्ञेने मिळते.

```
ffmpeg -i mulakhat.mp4 -vn -ac 1 -ar 16000 mulakhat.wav
```

एवढ्यावर कदाचित मी ॲपच निवडले असते, कारण स्थान न सांगणाऱ्या विरामांची उणीव थोडे ऐकून भरून काढता येते. निर्णय झाला तो नजरेच्या आकड्यामुळे, आणि त्यातून जो मनस्ताप झाला तो थोडा सविस्तर सांगायला हवा.

त्या मुलीला ॲपने नजरेसाठी ४१ टक्के दिले होते. मी स्वतः पडद्याच्या दुसऱ्या बाजूने मुलाखत घेतली होती आणि मला ती बराच वेळ माझ्याकडेच पाहते आहे असे वाटले होते. तरीही आकड्यापुढे माझे मत दुबळे वाटले. मी तिला कॅमेऱ्याकडे अधिक पाहण्यास सांगितले. पुढच्या मुद्रणात आकडा ७८ झाला आणि उत्तरे बिघडली. कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे टक लावल्यामुळे तिला माझा चेहरा दिसत नव्हता. मी मान हलवून ‘पुरे, कळले’ असे सुचवत होतो ते तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर १९० सेकंदांवरून २१५ वर गेले. म्हणजे एका रकान्यातले गुण वाढवताना आम्ही दुसऱ्या रकान्याचे नुकसान करून घेतले होते, आणि ॲपचा एकूण गुणांक मात्र वर गेला होता.

कारण शोधण्यासाठी मी एक साधी चाचणी घेतली; ॲप घेण्यापूर्वी ती कोणीही करून पाहावी. एक मिनिट मी कॅमेऱ्याकडे स्थिर पाहिले आणि दुसरे मिनिट पडद्यावरील चेहऱ्याकडे. पहिल्या मिनिटाला ९७ टक्के मिळाले, दुसऱ्याला १२. ॲप नजरभेट मोजत नव्हते, कॅमेऱ्याकडे पाहणे मोजत होते. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला असतो आणि समोरच्याचा चेहरा पडद्याच्या मध्याजवळ. उमेदवार पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसला असेल आणि चेहरा कॅमेऱ्याच्या १२ सेंटिमीटर खाली असेल, तर नजर सुमारे ११ अंशांनी खाली वळलेली दिसते. चेहरा दिसणारी पडद्यावरील खिडकी वर सरकवून हेच अंतर ४ सेंटिमीटरवर आणले, तर कोन ४ अंशांच्या आसपास राहतो. खाली वळलेली नजर पाहणाऱ्याला बाजूला वळलेल्या नजरेइतकी खटकत नाही, त्यामुळे ४ अंश सहज खपून जातात. आकडा सुधारायचा तर उमेदवाराला टक लावायला शिकवण्यापेक्षा खिडकी सरकवणे अधिक योग्य होते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. माणूस ऐकताना समोरच्याकडे जास्त पाहतो आणि बोलताना कमी. उत्तराची जुळवाजुळव करताना नजर वळते आणि वाक्य संपत आले की परत येते. ही स्वाभाविक लय आहे. ॲपने ऐकण्याची आणि बोलण्याची सर्व सेकंदे एकत्र करून एक टक्केवारी काढली होती, त्यामुळे त्या ४१ मध्ये काय दडले आहे हे समजण्याचा मार्गच नव्हता.

हाताने खुणा लावताना मी मुद्रणाच्या सुरुवातीला उमेदवाराला प्रत्येकी पाच सेकंद चार ठिकाणी पाहायला सांगतो: कॅमेरा, माझा चेहरा, स्वतःची टिपणे आणि पडद्याच्या कोपऱ्यातील स्वतःचे चित्र. या वीस सेकंदांमुळे पुढे डोळ्यांची कोणती ठेवण म्हणजे कोणते ठिकाण, हे ओळखता येते. त्याच मुलीच्या पहिल्या मुद्रणाला या रीतीने गुण देण्यासाठी तिला पुन्हा त्याच जागी बसवून ते वीस सेकंद टिपले. मग चित्र असे निघाले. प्रश्न ऐकण्याच्या ३०० सेकंदांपैकी २७० सेकंद ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती, म्हणजे ९० टक्के. बोलण्याच्या ७६८ सेकंदांपैकी ४३० सेकंद, म्हणजे ५६ टक्के. यात माझ्या मते दोष काढण्यासारखे काही नाही. पाचव्या उत्तरात मात्र १९० पैकी केवळ ७१ सेकंद नजर माझ्याकडे होती. उरलेल्या ११९ सेकंदांतील ६४ सेकंद ती कोपऱ्यातील स्वतःच्या चित्राकडे पाहत होती, ३८ सेकंद विचार करताना वर, आणि १७ इकडेतिकडे. ‘मध्येच’ पडलेल्या चार विरामांपैकी तीन नजर स्वतःच्या चित्रावर असतानाच पडले होते. स्वतःचे चित्र झाकून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा उत्तर १२० सेकंदांच्या आत संपले. एका उमेदवाराच्या एका उत्तरावरून नियम काढू नये हे खरे. पण कुठे बोट ठेवायचे ते मला यातून समजले, आणि ॲपच्या टक्केवारीतून ते समजण्याची शक्यता नव्हती.

हाताने गुण देण्याचे दोष लपवण्यासारखे नाहीत. अठरा मिनिटांच्या मुद्रणाला मला जवळजवळ दीड तास लागतो. शिवाय माझा डोळाही प्रत्येक वेळी सारखा मोजत नाही. दोन मिनिटांचा तोच तुकडा मी चार दिवसांच्या अंतराने तपासला, तेव्हा नजर वळण्याच्या खुणा पहिल्या वेळी ३८ आणि दुसऱ्या वेळी ३१ निघाल्या. फरक जवळजवळ सगळा अर्ध्या सेकंदाहून लहान हालचालींत होता, ज्यांतील काही तर नुसती पापण्यांची उघडझाप असावी. तेव्हापासून एका सेकंदापेक्षा कमी काळ वळलेली नजर मी मोजत नाही, आणि दोन वेळचे आकडे बऱ्यापैकी जुळू लागले आहेत. उमेदवाराने चष्मा घातला असेल आणि काचेत पडद्याचा उजेड चमकत असेल, तर मात्र मीही हतबल होतो. अशा वेळी दिवा बाजूला घेऊन मुद्रण पुन्हा करणे बरे.

चाळीस उमेदवारांची एकाच खोलीत, एकाच संगणकावर तयारी करून घ्यायची असेल आणि त्याच उमेदवाराचे आधीचे व नंतरचे आकडेच ताडून पाहायचे असतील, तर ॲप उपयोगी पडेल असे मला वाटते, कारण कोनाची चूक दोन्ही वेळा सारखीच राहील. चार-पाच उमेदवार असतील आणि प्रत्येकाला काय बदलायचे हे नेमके सांगायचे असेल, तर मी तरी एलानकडेच वळेन. दीड तास परवडत नसेल, तर लांबी ॲपकडून घ्यावी आणि हाताने फक्त प्रत्येक उत्तराची पहिली तीस सेकंदे तपासावीत. सर्वांत लांब गेलेले उत्तर तेवढे पूर्ण पाहावे. आठ उत्तरांच्या मुलाखतीत हे सात मिनिटांच्या आसपासचे मुद्रण होते आणि माझे काम साधारण पाऊण तासात आटोपते.