राहतं घर: आत्ताच बक्षीसपत्र की मागाहून मृत्युपत्र?

समजा, कोथरूडमध्ये 74 वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांचा फ्लॅट आहे. स्वतःच्या पगारातून घेतलेला, एकट्याच्या नावावर, आजचा बाजारभाव साधारण 90 लाख. घरात ते आणि त्यांची पत्नी. मुलगा पुण्यातच वेगळा राहतो, मुलगी नाशिकला. मुलाचं म्हणणं, ‘बाबा, आत्ताच माझ्या नावावर करा, दोनशे रुपयांत होतं, नंतर कोर्टकचेऱ्या नकोत.’ हे दोनशे रुपये खरे आहेत, पण निर्णय त्यावर घेऊ नये. तो कशावर घ्यावा, ते याच कुटुंबाच्या उदाहरणाने पाहू.

बक्षीसपत्र नोंदलं गेलं की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्रावर सही केली तरी काहीच जात नाही, कागद नुसता पडून असतो. मृत्युपत्र केलेला माणूस दुसऱ्या दिवशी तेच घर विकू शकतो, गहाण ठेवू शकतो, किंवा नवं मृत्युपत्र लिहून जुनं निकामी करू शकतो. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, आणि शुद्धीत असताना केलेलं शेवटचं तेवढं धरलं जातं. बक्षीसपत्रानंतर घर विकण्याचा, तारण ठेवण्याचा, भाड्याने देण्याचा अधिकार मुलाचा. त्याचा धंदा बुडाला तर सावकार किंवा बँक त्या घराकडे पाहणार, कारण आता ती त्याची मिळकत आहे.

बक्षीसपत्र पक्कं कशाने होतं

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा. त्यानुसार स्थावर मिळकतीचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच होतं. देणाऱ्याची सही लागते आणि किमान दोन साक्षीदार लागतात. त्यापलीकडची एक अट बरेच जण विसरतात: घेणाऱ्याने ते बक्षीस देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारलं पाहिजे. म्हणून दस्तात ‘लिहून घेणार यांनी सदर बक्षीस स्वीकारले आहे’ असं वाक्य असतं आणि मुलाचीही सही घेतात. मुलगा परदेशी असेल तर ही सही राहून जाते आणि पुढे वादाचं मूळ तिथेच सापडतं.

घराचा ताबा मात्र लगेच द्यावा लागत नाही. मालकी मुलाला दिली, पण आईवडील हयातभर तिथेच राहतील असं दस्तात लिहिलं, तरी बक्षीस वैध राहतं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. आमच्या गृहस्थांनी बक्षीसपत्र करायचंच ठरवलं, तर हे कलम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: ‘लिहून देणार व त्यांची पत्नी यांस सदर सदनिकेत तहहयात विनामोबदला राहण्याचा हक्क राहील.’ यात पत्नीचा उल्लेख वेगळा हवा. तो नसेल तर गृहस्थांच्या पश्चात त्या माउलीचं राहणं मुलाच्या आणि सुनेच्या मर्जीवर येतं.

आता इथेच कागद बिघडतो. काही जण बक्षीसपत्र म्हणून नोंदवतात आणि आत लिहितात, ‘माझ्या मृत्यूनंतर मुलगा मालक होईल.’ असा दस्त बक्षीस म्हणून अपुरा ठरू शकतो, कारण हयातीत काही दिलेलंच नाही. वर नाव काहीही असो, न्यायालय आतला मजकूर पाहतं. मालकी आत्ता आणि राहण्याचा हक्क मागे ठेवलेला, हे चालतं. मालकीच मेल्यावर, हे मृत्युपत्राचं काम.

परत घ्यायचं म्हटलं तर

मृत्युपत्र रद्द करायला कोणाची परवानगी लागत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र एकतर्फी रद्द होत नाही. मुलाने राजीखुशीने सही केली तर ठीक, नाहीतर दिवाणी दावा. त्यातही फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरप्रभाव सिद्ध करावा लागतो. ‘मला वाटेल तेव्हा मी हे बक्षीस रद्द करीन’ असं कलम घालून सुटका होत नाही. देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर परत घेता येणारं बक्षीस कायदा मानत नाही.

एक वाट आहे, ती 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातली. साठीच्या पुढच्या व्यक्तीने ‘घेणारा माझी देखभाल करील’ या अटीवर मिळकत दिली आणि त्याने केली नाही, तर कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. महाराष्ट्रात हा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात करायचा असतो, दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या नकोत. पण अट होती हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका प्रकरणात हेच सांगितलं: नुसतं ‘प्रेमापोटी दिलं’ एवढं असेल तर कलम आपोआप लागू होत नाही. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने सांभाळण्याचं वेगळं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. त्यामुळे देखभालीची अट बक्षीसपत्रातच लिहावी. ‘आपल्याच मुलाकडून असं काय लिहून घ्यायचं’ म्हणून हीच ओळ गाळली जाते आणि नेमकी तीच पुढे शोधावी लागते.

मुलगाच आधी गेला तर

ही गोष्ट बोलायला कोणी धजत नाही, पण हिशेब मांडला पाहिजे. बक्षीसपत्रानंतर मुलगा मृत्युपत्र न करता वारला, तर हिंदू वारसा कायद्याने ते घर त्याच्या पहिल्या वर्गातल्या वारसांना समान जातं: त्याची बायको, त्याची मुलं आणि त्याची आई. बाप या वर्गात येत नाही. सून आणि एक नातू धरले तर आईला एक तृतीयांश, सुनेला एक तृतीयांश, नातवाला एक तृतीयांश. ज्यांनी तीस वर्षं हप्ते फेडले त्या गृहस्थांच्या वाट्याला शून्य. तहहयात राहण्याचं कलम असेल तर निदान छप्पर शाबूत राहतं.

मुलीला बक्षीस दिलं आणि तिला मूलबाळ नसेल, तर तिच्या मागे ते घर तिच्या नवऱ्याला जातं आणि त्याच्यानंतर त्याच्या माणसांना. माहेरी परत येत नाही. मृत्युपत्राच्या वाटेने असं काही घडलं, तर गृहस्थ हयात आहेत तोवर नवा कागद लिहून सगळी मांडणी बदलू शकतात.

दोनशे रुपयांचं खरं काय

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. या यादीत भाऊ-बहीण नाहीत, आणि मुलाने आईवडिलांना दिलं तर तेही नाही. त्यांना तीन टक्के. पुतण्या-भाच्याला विक्रीसारखंच पूर्ण शुल्क. दुकानाच्या गाळ्यालाही दोनशेची सवलत नाही. शिवाय महापालिका हद्दीत स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो. एक टक्का धरला तरी 90 लाखांवर 90 हजार होतात. म्हणून दस्त टंकायच्या आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून सगळा आकडा काढून घ्यावा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे.

प्राप्तिकराने इथे निर्णय फिरत नाही. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या घरावर मुलाला कर नाही, देणाऱ्यालाही भांडवली नफ्याचा कर नाही. मृत्युपत्राने मिळालं तरी तसंच. मुलगा पुढे घर विकेल तेव्हा वडिलांची मूळ खरेदी किंमत धरून नफा मोजला जातो.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र दोन्ही कागदांचं वागणं अगदी उलट आहे. गावाकडच्या एकत्र, न वाटलेल्या जमिनीतला आपला हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. तोच हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. (गोव्यातल्या वाचकांनी हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा. तिथे मुलांचा अर्धा वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला असतो.)

मग कोणी काय करावं

एकच राहतं घर असेल आणि दोघं नवरा-बायको त्यातच राहत असतील, तर मी मृत्युपत्राच्या बाजूने आहे. बक्षीसपत्र मला पटतं ते वेगळ्या प्रसंगी: दुसरं घर आहे, मुलीने त्याचे हप्ते भरलेत, आणि भाऊ पुढे हरकत घेईल असं आत्ताच दिसतंय. तिथे हयातीत दिलेलं बरं. देणारा स्वतः निबंधकासमोर उभा राहतो, त्याचा फोटो आणि अंगठा दस्तावर येतो, आणि सोसायटीचा भागदाखला, कर आकारणी, वीजबिल सगळं त्याच्या देखत बदलून होतं.

मृत्युपत्राची अडचण हीच आहे की वाद होतो तेव्हा लिहिणारा बोलायला नसतो. ते नोंदवलेलं असलं तरी कोर्टात किमान एका साक्षीदाराला आणून सिद्ध करावं लागतं. नोंदणीकृत बक्षीसपत्राला, ते केलंच नाही असा स्पष्ट आरोप झाल्याशिवाय, ही गरज पडत नाही. म्हणून आमच्या गृहस्थांनी साक्षीदार म्हणून बरोबरीचे मित्र घेऊ नयेत. वयाने बरेच लहान, पत्ता सहसा न बदलणारे दोघं घ्यावेत आणि त्यांच्यात मुलगा, मुलगी, सून, जावई कोणी नसावं. सहीच्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडून मन स्थिर असल्याचा दाखला घ्यावा. मृत्युपत्राप्रमाणे मिळकत वारसांच्या हाती सोपवणारा व्यवस्थापक म्हणून एकाचं नाव लिहावं. मुलीला कमी किंवा मुलाला जास्त देत असतील तर त्याचं कारण एका वाक्यात मृत्युपत्रातच नोंदवावं. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव दिलंय म्हणून मृत्युपत्र नको, असं समजू नये: नॉमिनीकडे सोसायटी घर सोपवते ते वारसांच्या वतीने सांभाळायला, मालक म्हणून नाही.