तंबाखूच्या दोन ओळींवर २५ लाखांचा क्लेम नाकारला; नॉमिनीने सही करण्याआधी हे वाचा

आधी आकडे. दाजींची टर्म पॉलिसी २५,००,००० रुपयांची, १८ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली. वर्षाचा हप्ता जीएसटीसकट ११,८०० रुपये, आणि दोन्ही हप्ते वेळेवर भरलेले. ९ ऑक्टोबर २०२४ ला दाजी डेंग्यूने गेले. नॉमिनी माझी ताई. २७ जानेवारी २०२५ च्या पत्राने कंपनीने क्लेम नाकारला. कारण एकच दिलंय: प्रपोजल फॉर्ममध्ये तंबाखूची सवय लपवली. आठवडाभरात ताईच्या खात्यात २३,६०० रुपये न विचारता जमा झाले. भरलेले दोन हप्ते परत, म्हणजे त्यांच्या लेखी हिशोब मिटला.

पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत मृत्यू झाला की कंपनी चौकशीला माणूस पाठवते, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. म्हणूनच जास्त चीड येते.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी तो माणूस आला. अगदी नम्र. "फॉर्मॅलिटी आहे, जबाब झाला की फाइल पुढे जाईल." बोलता बोलता विचारलं, "तंबाखू वगैरे?" ताई खरं ते बोलली, "कधीतरी, मित्रांत बसले की." त्याने जबाब स्वतःच्या अक्षरात लिहिला, ताईची सही घेतली, साक्षीदार म्हणून माझी घेतली. मी तो कागद वाचला होता. लाज वाटते ती याचीच. शेवटचं वाक्य आणि सहीची जागा यांच्यामध्ये दोन ओळी कोऱ्या होत्या. त्या मला दिसल्या. असेल त्यांचा काही नमुना, म्हणून सोडून दिल्या. क्लेम नाकारल्यानंतर त्याच जबाबाची झेरॉक्स हातात आली तेव्हा त्या दोन ओळींत लिहिलेलं होतं: "गेली १५ वर्षे दररोज ४ ते ५ पुड्या तंबाखू खात असत." खाली आमच्या दोघांच्या सह्या.

घरात मयत झालेलं, ताई बोलायच्या अवस्थेत नाही, समोरचा माणूस मान खाली घालून बसलेला. अशा वेळी कोण ओळी मोजत बसतं? पण मोजायला हव्या होत्या. जबाब स्वतःच्या अक्षरात लिहा. कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारा. सहीखाली तारीख आणि वेळ टाका, आणि तो माणूस दारातून बाहेर पडायच्या आत मोबाइलवर फोटो काढा. तो "नंतर कॉपी पाठवतो" म्हणाला तर सही नंतरच करा.

आता पत्राकडे येतो, कारण बहुतेक जण तिथेच हरतात. नकाराचं पत्र आलं की लोक लिहितात, "आमची परिस्थिती हलाखीची आहे, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा." आम्हीही पहिला मसुदा असाच केला होता. तो फाडला ते बरं केलं. कंपनी दया मागणाऱ्याला दयेचंच उत्तर देते, "दिलगीर आहोत".

पत्राचा सगळा जोर विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ वर हवा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं उलटली की कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. तीन वर्षांच्या आत ठेवता येतं, पण दोन वेगळ्या वाटांनी. एक वाट फसवणुकीची. दुसरी, महत्त्वाची माहिती चुकीची दिली किंवा दडवली याची. या दोन वाटांचे परिणाम वेगळे आहेत आणि कंपन्या त्यांची मुद्दाम खिचडी करतात. फसवणूक म्हटली आणि विमेदार हयात नसला, तर ती झाली नाही हे दाखवायचा बोजा नॉमिनीवर येतो. दुसऱ्या वाटेत बोजा कंपनीवर असतो, आणि कंपनीला भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. आमच्या पत्रात "फसवणुकीच्या हेतूने माहिती दडवली" असं लिहिलंय आणि हप्ते मात्र परत केलेत. म्हणून आमचा पहिला परिच्छेद एवढाच होता:

"आपण हप्ते परत केले आहेत. त्यामुळे आपला निर्णय फसवणुकीवर आधारलेला नसून माहिती दडवल्याच्या आरोपावर आहे, असे मी समजते. तसे नसल्यास कोणत्या पोटकलमाखाली आणि कोणत्या पुराव्यावर, ते लेखी कळवावे. जमा झालेली २३,६०० रुपयांची रक्कम माझे सर्व हक्क राखून स्वीकारत आहे."

शेवटचं वाक्य विसरू नका. पाठोपाठ एक डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे पैसे मिळून हिशोब मिटल्याची पावती येते, त्यावर "पूर्ण व अंतिम" असं छापलेलं असतं. पैसे खात्यात आलेच आहेत, मग सही करायला काय हरकत, असं शाखेतली बाई ताईला फोनवर सांगत होती. हरकत आहे. सही करू नका.

दुसरा परिच्छेद आमच्या मते सगळ्या पत्राचा कणा. कलम ४५(४) चं स्पष्टीकरण सांगतं की दडवलेल्या गोष्टीचा जोखमीशी थेट संबंध नसेल तर ती महत्त्वाची धरायची नाही. आणि ती माहीत असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने सिद्ध करायचं. "दिलीच नसती" हे शब्द नीट धरा. तंबाखू खाणाऱ्यांना ही कंपनी पॉलिसी नाकारते का? तिच्याच वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दाजींचं वय, तीच मुदत, तेच २५ लाख टाकले आणि तंबाखूसमोर "होय" दाबलं. आकडा आला १५,३४० रुपये. म्हणजे पॉलिसी मिळतेच, फक्त वर्षाला ३,५४० रुपये महाग. दोन वर्षांचा फरक ७,०८० रुपये. सात हजार ऐंशी रुपयांच्या फरकासाठी २५ लाख बुडवायचे! तारीख दिसेल असा त्या पानाचा स्क्रीनशॉट आम्ही पत्राला जोडला. तुम्ही हे काम पत्र पाठवायच्या आधी करा, पानं बदलतात.

याशिवाय प्रपोजल फॉर्ममधला मूळ प्रश्न शब्दशः वाचा. पॉलिसीच्या बाडात त्याची प्रत असते, नसेल तर मागा. आमच्या फॉर्ममधला प्रश्न "गेल्या १२ महिन्यांत" तंबाखू घेतली का, एवढाच आहे. कंपनीचा दुसरा पुरावा म्हणजे हॉस्पिटलच्या केसपेपरवरची ज्युनियर डॉक्टरची एक ओळ, "तंबाखू चघळण्याचा इतिहास". ना प्रमाण, ना काळ, ना माहिती कुणी दिली त्याचं नाव. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिहिलेली ही ओळ फेब्रुवारी २०२३ च्या आधीच्या बारा महिन्यांबद्दल काय सिद्ध करते? केसपेपरची पूर्ण प्रत स्वतः मिळवा, कंपनीने निवडून दिलेल्या पानांवर राहू नका. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं. आम्हाला तीन खेपा घालाव्या लागल्या, पण नियमाचा उल्लेख असलेला अर्ज दिल्यावर मिळाली.

पत्रातच कागदांची मागणीही करा: चौकशी अहवाल, जबाबाची मूळ प्रत, पॉलिसी देण्याआधी झालेल्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग, पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवताना केलेली अंडररायटिंगची टिपणं. कोणत्या आधारावर आणि पुराव्यावर नाकारलं ते नॉमिनीला लेखी कळवणं कलम ४५ नेच बंधनकारक केलंय. जबाबाची झेरॉक्स आम्हाला या मागणीमुळेच मिळाली.

एजंटाचा मुद्दाही लिहिला. टॅबवर फॉर्म त्यानेच भरला आणि "कधीमधी असेल तर 'नाही' टाकू, उगाच मेडिकल लागेल" हेही तोच म्हणाला. विमा मिळवून देणारा माणूस कंपनीचाच एजंट धरला जाईल, असं कलमात आहे. पण यावर फार भिस्त ठेवू नका. सही केलेल्या फॉर्मची जबाबदारी सही करणाऱ्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलंय. माहिती दडवल्याचं सिद्ध करायची जबाबदारी विमा कंपनीची, असं सांगणारा त्याच न्यायालयाचा एप्रिल २०२४ चा निकाल आपल्या बाजूचा आहे. पण पॉलिसीआधीच आजार असलेल्या माणसाने तो दडवला, त्या २०२० च्या प्रकरणात निकाल कंपनीच्या बाजूने गेला. सवयीमुळे झालेल्या आजारावर आधीच उपचार चालू असतील, तर वरचं पत्र तुम्हाला वाचवणार नाही. कुणी वाचवेल म्हणून फी मागत असेल तर देऊ नका.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने, दोन्हीकडून पाठवलं. उत्तर आलं साडेतीन ओळींचं: "निर्णय कायम." शाखा म्हणते मुख्य कार्यालयाला विचारा, मुख्य कार्यालय म्हणतं शाखेत अर्ज द्या. हेल्पलाइनवर प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पुन्हा पॉलिसी नंबरापासून सुरुवात. विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार टाकली. कंपनीने तिथे तेच साडेतीन ओळींचं उत्तर चिकटवलं आणि तक्रार "निकाली" दिसायला लागली. कुणाच्या लेखी निकाली? हे पोर्टल तक्रार कंपनीपर्यंत पोचवतं, न्यायनिवाडा करत नाही, हे तिथे फोन लावल्यावर कळलं. सरकारी पोर्टलवर तक्रार गेली की कुणीतरी जाब विचारेल, या आशेवर आम्ही सात आठवडे घालवले. तुम्ही घालवू नका.

कंपनीचं उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभरात आलंच नाही, की थेट विमा लोकपाल. cioins.co.in वर अर्ज होतो, फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. मुदत एक वर्षाची. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो, तिथे दोन वर्षांची मर्यादा मोजत राहा. आधी आयोगात गेलात तर मात्र लोकपाल प्रकरण घेत नाही, म्हणून क्रम चुकवू नका.

त्या साडेतीन ओळींत एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली: "सवय जाहीर केली असती तर पॉलिसी त्याच अटींवर देण्यात आली नसती." त्याच अटींवर! कायदा विचारतो पॉलिसी दिली असती की नसती, आणि हे सांगतात की महाग दिली असती. लोकपालाकडच्या अर्जात हे वाक्य आम्ही पहिल्या पानावर घेतलंय आणि त्याखाली १५,३४० चा स्क्रीनशॉट लावलाय. सुनावणीची तारीख अजून यायची आहे. डिस्चार्ज व्हाउचर फाइलमध्ये कोरंच आहे.