क्रियापद मध्ये की शेवटी?

इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी, मराठीत शेवटी. भाषांतर करताना साध्या वाक्यात हे सहज निभतं. खरी कसरत 'आय मेट द डॉक्टर हू ट्रीटेड माय फादर' अशा वाक्यात होते. इंग्रजीत डॉक्टर आधी, वर्णन मागून. मराठीत वर्णन आधी येतं: 'वडिलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मी भेटलो.' इंग्रजी क्रम तसाच ठेवला, तर 'मी डॉक्टरांना भेटलो ज्यांनी उपचार केले' असं लंगडं वाक्य हाती येतं. (बातम्यांत असली वाक्यं सर्रास दिसतात!) वर्णन लांबलं, की 'करणाऱ्या'ची रचना मात्र फुगते, नामापर्यंत पोचेस्तोवर वाचक दमतो. तिथे मी 'ज्या डॉक्टरांनी ऐनवेळी धावत येऊन वडिलांवर उपचार केले, त्यांना भेटलो' हीच रचना निवडेन. 'ना' प्रत्ययामुळे कर्म ओळखू येतं, म्हणून मराठीत 'डॉक्टरांना मी भेटलो' किंवा 'मी डॉक्टरांना भेटलो', दोन्ही चालतं. इंग्रजीत कर्ता-कर्माची अदलाबदल केली, की कोण कोणाला भेटलं तेच उलटतं.